कूटदन्ताचा यज्ञ आणि हरिकेशाची भिक्षा

दीघनिकायातील पाचवे सुत्त ‘कूटदन्तसुत्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. मगध देशातील खाणुमत हे गाव राजा बिंबिसाराने कूटदन्त ब्राह्मणास ब्रह्मदेय म्हणून दिलेले होते. यज्ञसंस्थेची चर्चा करणारे पुष्कळ अभ्यासक पशुहत्येपाशी थांबतात. सुत्तकार मात्र प्रथम या जमिनीचा उल्लेख करतो. राजाने जमीन द्यावी आणि पुरोहिताने यज्ञाच्या द्वारे राजाला प्रतिष्ठा द्यावी, हा व्यवहार ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथेचा रोख कळत नाही.

कूटदन्ताने महायज्ञासाठी बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड आणि मेंढे प्रत्येकी ७०० या प्रमाणात यज्ञस्तंभापाशी आणविले आहेत. एकूण ३५०० पशू झाले. ही संख्या सांकेतिक आहे हे उघड आहे. परंतु या यादीत नांगराला जुंपावयाच्या आणि दूधदुभत्याच्या जनावरांचा भरणा मोठा आहे. गोधन असे यज्ञात जाणे शेतीप्रधान होत चाललेल्या समाजाला परवडणारे नव्हते, हे दामोदर कोसंबींचे प्रतिपादन येथे सहज आठवते. मात्र तेवढ्यानेच अहिंसेचा उगम सांगता येतो असे आम्हांस वाटत नाही. त्या कारणाने बैल वाचता. बोकड वाचण्याचे कारण नव्हते.

सुत्तातील विनोद असा की, सोळा अंगांचा यज्ञ कसा करावा हे विचारण्यासाठी हा वेदपारंगत ब्राह्मण श्रमण गोतमाकडे जातो. भगवान त्यास महाविजित राजाची कथा सांगतात. राजाला यज्ञ करावयाचा आहे, पण राज्यात चोर-लुटारूंचा सुळसुळाट आहे. पुरोहित सांगतो की, अशा वेळी नवा कर बसविणे अनुचित होय, आणि वध-बंधनानेही हा उपद्रव समूळ जाणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा पीडा देतील. शेतकरी व गोपालकांस बी-बियाणे आणि चारा, व्यापाऱ्यांस भांडवल, राजसेवकांस अन्न व वेतन द्यावे. देश निर्भय झाल्यावर यज्ञ होतो, तो तूप, तेल, लोणी, दही, मध आणि गूळ यांचा. त्यात पशू मारला जात नाही, यूपासाठी वृक्ष तुटत नाही, दर्भ कापला जात नाही आणि दास-कर्मकर दंडाच्या भयाने रडत राबत नाहीत. यज्ञ हा शब्द कायम ठेवून त्याचा आशय पालटण्याची ही रीत आहे.

यापुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. या रक्तहीन यज्ञाहूनही शीलवंतांस दिलेले नित्यदान श्रेष्ठ, असे भगवान सांगतात. कारण विचारता ते म्हणतात की, तशा यज्ञाकडे अर्हत फिरकत नाहीत. तेथे काठीचे प्रहार आणि गळे धरणे दिसते. थोड्या आधी ज्या यज्ञात दंडाचे भय नाही असे वर्णिले, त्यालाच हा दोष लावलेला आहे. ही विसंगती दोन थरांच्या संकलनातून आली असेल. तथापि तिच्यामुळे टीका पशूंपाशी न थांबता मोठ्या समारंभातील माणसांवरच्या बळजबरीपर्यंत पोहोचते. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात यज्ञयागास स्वतंत्र प्रकरण दिले, ते अशा संदर्भांमुळे अगदी योग्यच होते.

जैनांच्या उत्तराध्ययनसूत्राच्या बाराव्या अध्ययनाची भूमी वेगळी आहे. तेथे यज्ञमंडपात येणारा हरिकेशबल मुनी श्वपाककुळात जन्मलेला आहे. तो उपदेश विचारला म्हणून आलेला नाही, भिक्षेसाठी आला आहे, आणि ब्राह्मण त्याला हाकलतात. तरुण त्याला मारतात. कोसलराजाची कन्या भद्रा त्यांना आवरते. मुनीच्या पाठीशी असलेला यक्ष त्यांना शिक्षा करतो. पुढे क्षमायाचना झाल्यावर मुनी आपला यज्ञ सांगतो : तप हा अग्नी, जीव हे अग्निस्थान, काया-वाचा-मनाची प्रवृत्ती ही पळी, शरीर ही गोवरी आणि कर्म हे इंधन.

दोन्ही ग्रंथ रूपकाचा आश्रय घेतात, पण अहिंसेची कक्षा एक नाही. हरिकेशाच्या दृष्टीने अग्नी पेटविणे आणि सकाळ-संध्याकाळ जलस्पर्श करणे हीदेखील प्राणिहिंसाच आहे, कारण जल व अग्नी यांतही जीव आहेत. महाविजिताच्या तुपाच्या आहुतीसही येथे मान्यता मिळाली नसती. बौद्ध परंपरा चेतनेला, म्हणजे हेतूला, निर्णायक मानते. म्हणूनच तिला राजाच्या कारभारात यज्ञाचे पर्यायी रूप कल्पिता आले, तर जैन परंपरेने यज्ञ संपूर्णतः साधकाच्या देहात नेला.

वैदिक परंपरा याविषयी सर्वस्वी मूक होती असे समजणे चुकीचे ठरेल. छांदोग्य उपनिषदाच्या शेवटी सर्व भूतांची अहिंसा सांगितली आहे. पण तीर्थाचे, म्हणजे यज्ञप्रसंगाचे, स्थान त्यातून वगळले आहे. श्रमणांनी नाकारला तो हा अपवाद. अपवाद कोठे लागू होतो हे ठरविण्याचा अधिकार पुरोहिताकडे होता, आणि तो अपवादाबरोबरच गेला.

महाविजिताची कथा ऐकून कूटदन्तास वाटते की, त्या वेळी गोतम स्वतः राजा तरी असावा किंवा पुरोहित तरी. भगवान सांगतात की, तो पुरोहित मीच होतो. शेवटी कूटदन्त पशूंची दोरे सोडवितो. त्यांनी हिरवे गवत खावे, थंड पाणी प्यावे आणि त्यांच्यावर गार वारा वाहावा, एवढीच त्याची इच्छा आहे.