महानुभाव पंथातील स्त्रीसंन्यास आणि आचार्यपद : एक विवेचन

महानुभाव पंथाने स्त्रियांना संन्यासदीक्षा दिली, हा मुद्दा खानदेशातील पंथीय व्याख्यानांतून आणि अभ्यासकांच्या लेखनातून वारंवार मांडला जातो. तो खराच आहे. तथापि दीक्षेचा अधिकार आणि नेतृत्वाचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी असून, पहिलीची प्रमाणे दुसरीसाठी वापरली जातात तेव्हा चर्चा घसरते.

ग्रंथप्रामाण्याचा विचार करता ‘लीळाचरित्रा’तील चक्रधरस्वामींची भूमिका निःसंदिग्ध आहे. देहाच्या नवद्वारांतून जसे स्राव वाहतात तसाच रजःस्राव, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, असे ते सांगतात. अपवित्रतेच्या आधारे स्त्रीला धर्मकार्यापासून दूर ठेवण्याचा युक्तिवाद येथेच निकालात निघतो. प्रश्नांचा पाठपुरावा करणारी महदाइसा याच ग्रंथात भेटते. आद्य मराठी कवयित्री म्हणून ‘धवळे’ तिच्या नावावर आहेत.

परंतु केशिराजांनी संकलित केलेल्या ‘सूत्रपाठा’त स्त्री ही मादक द्रव्यांत प्रमुख होय, इतर द्रव्ये सेवनाने मद आणतात, ती केवळ दर्शनाने, अशा आशयाचे सूत्रही आहे. पंथाचे समर्थक ते सहसा टाळतात, तर टीकाकार तेवढेच उचलतात. वास्तविक हे सूत्र एकाकी अटन करणाऱ्या पुरुष भिक्षूच्या आचाराविषयी आहे. ते त्याच्या दुर्बलतेची दखल घेते, स्त्रीच्या अधिकाराविषयी काहीही ठरवत नाही. मात्र त्याची भाषा स्त्रीलाच धोका ठरवते, हेही नाकारता येत नाही.

संस्थात्मक बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. चक्रधरांनंतर आचार्यपद नागदेवाचार्यांकडे गेले. केशिराज संस्कृतात लिहू लागले असता, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या शिष्यिणी वंचित होतील, असे सांगून आचार्यांनी त्यांना रोखले. या प्रसंगातून पंथाच्या भाषाधोरणावर स्त्रियांचा प्रभाव दिसतो. निर्णय मात्र आचार्यांचा होता, स्त्रिया त्याच्या लाभार्थी होत्या. पुढे आम्नाय आणि मठ स्थिरावले. गुरुशिष्यपरंपरेने चालणाऱ्या महंतीत पुरुषांचेच प्राबल्य राहिले.

यावर पारंपरिक पक्षाचे उत्तर विचारात घ्यावे लागते. एकाकी भिक्षाटन हाच मूळ आचार असल्याने अधिकारपद ही येथे साधनेची कसोटी नाही. स्त्री-पुरुष भिक्षूंमधील अंतर राखणे हीच दोघांची सुरक्षा होय. हे उत्तर अटन करणाऱ्या भिक्षूपुरते टिकते. भडगाव तालुक्यातील कनाशीसारख्या तीर्थस्थानी देवपूजा, अन्नछत्र आणि उत्सवाचा कारभार उभा राहतो, तेव्हा महंत हा भिक्षू कमी आणि व्यवस्थापक अधिक असतो. अशा पदासाठी एकाकी अटनाचे सूत्र पुढे करणे तर्कदृष्ट्या दुबळे ठरते. त्याच वेळी ‘लीळाचरित्रा’च्या आधारे स्त्रीच्या महंतीचा थेट आदेश शोधणेही व्यर्थ आहे, कारण महंतीची मठव्यवस्थाच त्या ग्रंथाच्या काळानंतरची आहे.