आधी कोणता बघू? सिक्वेल, प्रिक्वेल, स्पिन-ऑफ, रिबूट आणि धुळ्याची मावशी

मागच्या महिन्यात जळगावहून धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. देवपूरच्या घरात टीव्ही चालू होता, मावशी 'सुभेदार' बघत होती. तान्हाजीच्या भूमिकेतले अजय पुरकर पडद्यावर आले आणि मावशी माझ्याकडे वळली: "अरे, हाऊ ते मरी जायेल व्हता ना? परत कथाईन उना?"

मावशीचं चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने 'पावनखिंड' पाहिला होता. त्यात बाजीप्रभूंची भूमिका पुरकरांचीच आहे आणि बाजीप्रभू घोडखिंडीत पडतात. दिग्दर्शक तोच, महाराजांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकरच, मावळ्यांचा वेषही तसाच. मग एक माणूस काल मेला आणि आज कोंढाण्यावर निघाला, हे कसं?

मी कथानकं कशी जोडली जातात यावर पीएच.डी. करतोय हे मावशीला माहीत आहे. "मग सांग ना, पहिलं कोनतं दखू?" या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. ते आज इथे देतो. (पुढे काही चित्रपटांचे शेवट फोडलेले आहेत, त्याला इलाज नाही.)

आधी रस्ता समजून घेऊ

जेरार्ड जेनेट नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1982 साली 'पालिम्पसेस्त' या पुस्तकात, एखादी कथा संपल्यावर ती पुढे चालवण्याच्या चार दिशा सांगितल्या. त्याच्यासमोर साहित्य होतं, पण आपल्या टीव्हीलाही त्या लागू पडतात. त्याचे शब्द जड आहेत, म्हणून मी आपल्या रस्त्यावरून सांगतो.

समजा मूळ चित्रपट म्हणजे जळगाव ते धुळे एसटी. वाटेत एरंडोल, पारोळा. धुळ्याला उतरल्यावर पुढे साक्रीकडे निघालात, तर तो सिक्वेल. ही गाडी जळगावला यायच्या आधी भुसावळला काय घडलं ते आता सांगायला घेतलं, तर तो प्रिक्वेल. एरंडोलला एक प्रवासी उतरून धरणगावच्या गाडीत बसला आणि तुम्ही त्याच्या मागे गेलात, तर तो स्पिन-ऑफ. चौथी दिशा लोक विसरतात: पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा काय झालं, हे पहिल्या वेळी सांगायचं राहून गेलं होतं, ते आता सांगायचं. याला इंग्रजीत इंटरक्वेल म्हणतात. आपण 'मधली गोष्ट' म्हणू.

रिबूट या चारांत बसत नाही. का, ते शेवटी बघू.

शिवराज अष्टक: उलटी यादी, पण प्रिक्वेल नाही

आता मावशीची यादी. दिग्पाल लांजेकर यांचे पाच चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने असे आले: 'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019), 'पावनखिंड' (फेब्रुवारी 2022), 'शेर शिवराज' (एप्रिल 2022), 'सुभेदार' (2023).

आता त्यांतल्या घटनांची सालं घ्या. कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला 1673 मध्ये. लाल महालावरचा छापा 1663 चा. घोडखिंडीची लढाई 1660 ची. अफजलखानाचा वध 1659 चा. म्हणजे पहिले चार चित्रपट एकेक पाऊल मागे मागे जातात, आणि पाचवा उडी मारून 1670 च्या कोंढाण्यावर येतो. यादीवरून बघणाऱ्याचं डोकं फिरलं नाही तरच नवल.

मग 'शेर शिवराज' हा 'पावनखिंड'चा प्रिक्वेल म्हणायचा का? कथा आधीची आहे आणि चित्रपट नंतरचा आहे, व्याख्या तर बसते. तरी मी नाही म्हणेन. प्रिक्वेल हा नंतरच्या कथेच्या आधीच्या चित्रपटावर टेकलेला असतो. तुम्ही तो चित्रपट पाहिलाय असं धरून तो बोलतो. 'शेर शिवराज' टेकतो तो इतिहासावर, चौथीच्या पुस्तकावर, पोवाड्यांवर. प्रतापगडाच्या पायथ्याशी काय होणार हे कळायला आधी 'पावनखिंड' बघायची गरज कुणालाच नाही. ही मालिका आहे, प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा. म्हणूनच तर एकच नट एका भागात बाजीप्रभू आणि दुसऱ्यात तान्हाजी होऊ शकतो. खऱ्या सिक्वेलमध्ये हे चाललं नसतं.

तर मग कोणत्याही क्रमाने बघा, असं सांगून मोकळं व्हावं? इथे माझं मत वेगळं आहे. हे चित्रपट इतिहासाच्या क्रमाने बघा, कारण त्यात एक गोष्ट हाताला लागते जी प्रदर्शनाच्या क्रमात निसटते. 'पावनखिंड'मध्ये महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटतात. माणसं वाचवायला गड मागे सोडावा लागतो. 'फर्जंद'मध्ये साठ मावळे तोच पन्हाळा परत घेतात. मधे तेरा वर्षं गेली आहेत. 2018 साली 'फर्जंद' पाहणाऱ्यासाठी पन्हाळा म्हणजे एक अवघड किल्ला होता. 'पावनखिंड' पाहून मग 'फर्जंद' लावणाऱ्यासाठी तो एक जुना हिशेब आहे. चित्रपट तोच, एक दृश्यही बदललेलं नाही, वजन मात्र बदललं.

टाइमपास: तीन नंबर, पण मधली गोष्ट

आता उलटं उदाहरण. रवी जाधव यांचा 'टाइमपास' 2014 चा: दगडू आणि प्राजक्ता, प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर. 2015 च्या 'टाइमपास 2'मध्ये दगडू मोठा झालाय, आता तो प्रियदर्शन जाधव आहे आणि तो प्राजक्ताला (प्रिया बापट) शोधतोय. हा सरळ सिक्वेल, धुळ्याहून साक्री.

2022 मध्ये 'टाइमपास 3' आला. नंबर तीन, म्हणून बरेच जण दोनच्या पुढची गोष्ट समजून बसले. पण पडद्यावर पुन्हा प्रथमेश परब आणि दगडू कॉलेजात! ही एक आणि दोनच्या मधली गोष्ट आहे. पारोळ्याचा थांबा.

मधल्या गोष्टीची एक अडचण असते, आणि समीक्षा करताना ती धरूनच बोलायला हवं. तिला दोन्ही बाजूंना भिंत असते. इथे दगडूच्या आयुष्यात पालवी (हृता दुर्गुळे) येते. पण ज्याने दुसरा भाग पाहिलाय त्याला ठाऊक आहे की मोठा झालेला दगडू प्राजक्तालाच शोधत फिरणार आहे. म्हणजे पालवीचं आणि त्याचं शेवटपर्यंत जमणार नाही हे पोस्टर बघतानाच कळलेलं असतं. 'जमेल का' हा प्रश्न संपला, आणि प्रेमकथेतून तोच काढला तर मागे काय राहतं? राहतो 'कसं' हा प्रश्न: पहिल्या भागातला टपोरी पोरगा दुसऱ्या भागातला माणूस कसा झाला. माझ्या मते अशा चित्रपटाचं मोजमाप इथेच करावं. तो मधला बदल दाखवतो, की पहिल्या भागाच्या गमती पुन्हा वाजवतो? 'टाइमपास 3' बघताना हा प्रश्न मनात ठेवा. त्यातला कॉलेजचा धिंगाणा तुम्हाला मग वेगळा दिसेल.

म्हणून इथे माझा सल्ला अष्टकाच्या उलट: प्रदर्शनाच्याच क्रमाने बघा, एक-दोन-तीन. एक-तीन-दोन असं कथेच्या क्रमाने लावलं, तर तिसरा भाग साधी नवी प्रेमकथा वाटेल आणि दुसरा सुरू होताच पालवी कुठे गेली म्हणून तुम्ही चिडाल. मधली गोष्ट शेवट माहीत असलेल्या माणसासाठी लिहिलेली असते.

एकाला दोन नावं

हे चार डबे बंद नसतात, हेही सांगून ठेवतो. 2015 च्या 'बेबी'मध्ये तापसी पन्नूची शबाना थोडाच वेळ येते, पण लक्षात राहते. 2017 मध्ये तिच्यावर 'नाम शबाना' निघाला. मुख्य गाडी सोडून एका प्रवाशामागे गेलो, म्हणून स्पिन-ऑफ. ती या कामात कशी आली ही 'बेबी'च्या आधीची गोष्ट आहे, म्हणून प्रिक्वेलसुद्धा. स्पिन-ऑफ सांगतो गोष्ट कुणाची, प्रिक्वेल सांगतो गोष्ट कधीची. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरंही दोन असू शकतात.

रिबूट: जुनं खातं बंद

रिबूट वेगळा, कारण तो कथा पुढे, मागे किंवा बाजूला नेतच नाही. आधी घडलेलं घडलंच नाही असं धरून तो जळगावहून नवी गाडी सोडतो, पाटी मात्र जुनीच.

1978 च्या 'डॉन'मध्ये खरा डॉन सुरुवातीलाच मरतो आणि त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा विजय बसवला जातो. 2006 चा 'डॉन' बराच काळ याच रस्त्याने जातो, पण शेवटी कळतं की मेला तो विजय, आणि आपण ज्याला विजय समजत होतो तो डॉनच होता. 2006 साली याला रिमेक म्हणणं ठीक होतं, कारण एक जुना चित्रपट पुन्हा सांगितला होता. पण 2011 मध्ये 'डॉन 2' आला आणि तो या नव्या शेवटावर उभा राहिला. तिथे नवी साखळी सुरू झाली, आणि मागे वळून पाहता 2006 चा चित्रपट रिबूटचं काम करून गेला असं दिसतं. आता कुणी अमिताभचा 'डॉन' पाहून थेट 'डॉन 2' लावला, तर तो माझ्या मावशीचाच प्रश्न विचारेल: हा तर मेला होता ना?

म्हणून यादी समोर आली की नंबर बाजूला ठेवा. तो फक्त कोणता आधी तयार झाला ते सांगतो. विचारा: गोष्ट कुणाची? कधीची? आणि आधीच्या चित्रपटात घडलेलं इथे खरं धरलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर जुना चित्रपट न बघताही चालेल. 'हो' आलं, तर तो आधी बघा.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने 'शेर शिवराज' लावला, मग 'पावनखिंड' पुन्हा, मग 'फर्जंद'. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. पन्हाळा परत घेतला तेव्हा, म्हणाली, बाजीप्रभूंची आठवण आली. पुरकरांना मात्र ती अजून माफ करायला तयार नाही.