पहिल्या ग्रहणाचा वेग

प्रकाशाचा वेग मोजायचा, पण हाताशी सूक्ष्म काळ मोजणारे घड्याळ नाही. 1849 साली इप्पोलित फिझो याने ही अडचण ज्या देखणेपणाने बाजूला सारली, तो देखणेपणा आकडेमोडीतच दडलेला आहे.

पॅरिसजवळच्या स्युरेन गावातून निघालेला प्रकाश मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या आरशावर आपटून परत येई. अंतर एका बाजूने 8633 मीटर. वाटेत, स्युरेनलाच, 720 दातांचे चाक फिरत असे. दोन दातांमधल्या खाचेतून गेलेला प्रकाश परत येईपर्यंत चाक किंचित पुढे सरकते. सावकाश फिरवले तर तीच खाच अजून समोर असते आणि दुर्बिणीत ठिपका दिसतो. वेग वाढवत नेला की सरकता दात परतीचा प्रकाश अधिकाधिक अडवू लागतो, ठिपका मंदावतो आणि एका वेगाला विझतो. हे पहिले ग्रहण.

त्या क्षणी चाक नेमके एका दाताच्या रुंदीइतके सरकलेले असते. दात आणि खाचा सारख्याच रुंदीच्या, म्हणून एका फेरीत असे 1440 टप्पे होतात. फिझोला ग्रहण दिसले ते सेकंदाला 12.6 फेऱ्यांवर. म्हणजे एक टप्पा सेकंदाच्या 18,144व्या भागात. तेवढ्या वेळात प्रकाशाने जाऊन-येऊन 17,266 मीटर कापले. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 3,13,000 किलोमीटर येतात. सेकंदाचा हा इवलासा तुकडा कोणी मोजलाच नाही. मोजल्या त्या फेऱ्या.

पण हे ग्रहण पहिलेच, हे कशावरून? वेग दुप्पट केला की पुढची खाच समोर येऊन ठिपका पुन्हा उजळतो आणि तिप्पट केला की पुन्हा विझतो. पहिले ग्रहण निसटले आणि दुसऱ्यालाच पहिले मानले, तर उत्तर तिप्पट येईल. म्हणून सुरुवात संथ वेगापासूनच करायची.

आता आजच्या आकड्याने उलटे गणित मांडू. ग्रहण व्हायला हवे होते सुमारे 12.06 फेऱ्यांवर. चूक जेमतेम अर्ध्या फेरीची! ठिपक्याचा उजेड वेगाच्या प्रमाणात सरळ रेषेत शून्यापर्यंत उतरतो आणि तसाच पुन्हा चढतो. त्यामुळे आदर्श चाक घेतले, तर 12.6 फेऱ्यांवर संथ चाकाच्या वेळच्या उजेडाचा जेमतेम साडेचार टक्के भाग परत आला असता. त्यातच दातांच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश दुर्बिणीत मिसळतो आणि काळोख कधीच पुरता काळा होत नाही. डोळ्याला अंधार कळतो, पण सर्वांत गडद क्षण कोणता हे सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे ग्रहणाच्या अलीकडे आणि पलीकडे ठिपका सारखाच मंद दिसतो ते दोन वेग टिपायचे आणि त्यांचा मध्य घ्यायचा.

पुढे आल्फ्रेड कोर्न्यूने अंतर सुमारे 23 किलोमीटरपर्यंत वाढवले आणि कितीतरी वरच्या क्रमांकाची ग्रहणे वापरली. विसाव्या ग्रहणाला चाक पहिल्याच्या एकोणचाळीस पट वेगाने फिरते. तिथे अर्ध्या फेरीची चूक उत्तरात एकोणचाळीसाव्या हिश्शाइतकीच उरते. फिझोची युक्ती तीच राहिली. काळोख ओळखण्यातल्या चुकीचे वजन तेवढे उतरले.