उपाशीपोटी की पोहे खाऊन? नाडीतला फरक नेमका कशाचा?

प्रोजेक्टच्या प्रस्तावांत एक आराखडा नेहमी दिसतो: सकाळी 6 ला उपाशीपोटी व्यायाम, 9 ला नाश्ता करून तोच व्यायाम, दोन्ही वेळी नाडी मोजायची. दिसायला सोपा आहे, पण त्यातून उत्तर निघत नाही.

खाल्ल्यावर पचनसंस्थेकडे जास्त रक्त जातं. स्नायूंची गरज मात्र तेवढीच राहते, म्हणून हृदयाचं काम वाढतं आणि त्याच श्रमाला नाडी थोडी जास्त लागते. इथवर ठीक. पण नागपुरात मे महिन्यात 6 ची हवा आणि 9 चं ऊन यांत किती फरक असतो! अंग थंड ठेवायला त्वचेकडे रक्त वळतं, आणि त्यानेही नाडी वाढते.

समजा, 30 सेंमी उंच पायरीवर मिनिटाला 24 वेळा चढ-उतार केली, 6 मिनिटं. शेवटच्या मिनिटातली नाडी 6 ला 128, पोहे खाऊन 9 ला 138. फरक 10. सगळा पोह्यांचा? एक मोजणी वाढवा: वेगळ्या दिवशी 9 लाच, पण उपाशीपोटी. ती 134 आली, तर 6 ठोके वेळेचे नि उन्हाचे. पोह्यांचे फक्त 4.

आणि 4 ठोके तर एरवीही दिवसागणिक इकडेतिकडे होतात. म्हणून प्रत्येक मोजणी अनेक दिवस करा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, पायरीचा ताल मेट्रोनोमवर ठेवा. चहा मात्र तिन्ही वेळी बंद. नाहीतर पोह्यांच्या नावावर कॅफिन मोजलं जाईल.