एकूण वाढ, प्रत्येक गटात घट

डॅशबोर्डवर सगळ्यात वर ‘एकूण कन्व्हर्जन’ असतं. माझा आक्षेप त्याच आकड्यावर आहे.

समजा, रत्नागिरीतून हापूस विकणारी एक साइट आहे. मार्चमध्ये जुने ग्राहक २०० आले, ऑर्डरी ४० (२०%); नवे ८०० आले, ऑर्डरी ४० (५%). एकूण ८%. एप्रिलमध्ये पेज बदललं आणि जुन्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपही गेला. आता जुने ६००, ऑर्डरी १०८ (१८%). नवे ४००, ऑर्डरी १६ (४%). दोन्ही गट घसरले, तरी एकूण १२.४%!

बेरीज चुकलेली नाही. एकूण दर म्हणजे भारित सरासरी, आणि जुन्यांचा वाटा २० वरून ६० टक्क्यांवर गेला. हाच सिम्पसनचा विरोधाभास. पडताळायचं असेल तर एप्रिलचे दर मार्चच्या वाट्यांनी गुणा: ०.२ × १८ + ०.८ × ४ = ६.८%. म्हणजे वाढ नाही, घट.

पण दरवेळी गटांवरच विसंबू नका. ग्राहक जुना की नवा, हे पेज उघडण्याआधीच ठरलेलं असतं, म्हणून इथे गट पाहायचे. ‘कार्टमध्ये पेटी टाकलेले’ हा गट मात्र पेजमुळेच बदलतो. पेजचा परिणाम मोजताना तशी विभागणी फसवते. कोणता आकडा धरायचा, हे तक्ता सांगत नाही. सिम्पसनने १९५१च्या लेखात हेच दाखवलं होतं: तक्ता तोच, पण मागची गोष्ट बदलली की निष्कर्षही बदलतो.