गोंधळगीतातील ‘उदो’

गोंधळाच्या चालीवर लिहिलेली जी नवी गीते आमच्या वाचनात येतात, त्यांपैकी बहुतेकांत एक दोष हटकून आढळतो. दर ओळीच्या शेवटी ‘उदो’ घातला की गोंधळ झाला, अशी त्यांच्या कर्त्यांची समजूत दिसते. आमच्या मते ‘उदो’ हा अलंकार नसून उत्तर होय; आणि उत्तरास आधी प्रश्न लागतो.

खऱ्या गोंधळात चौक मांडून घट बसवितात, दिवटी पेटवितात, गणेशास व ठिकठिकाणच्या देवदेवतांना आवाहन करितात आणि मगच आख्यानास हात घालतात. कथा नायक सांगतो. साथीदार मध्येच त्यास अडवून विचारतो, हुंकार देतो. हा साथीदार म्हणजे श्रोत्यांचा प्रतिनिधी. त्याचा वाटा लेखकाने आधीच वाया घालविला, तर पुढे चढावयास पायरीच उरत नाही.

उदाहरणार्थ तुळजापूरची कथा घेऊ. कर्दम ऋषी निवर्तल्यावर त्यांची पत्नी अनुभूती लहान मुलासाठी मागे राहिली व मंदाकिनीच्या तीरी तप करू लागली. कुकुर दैत्याने तिचा तपोभंग केला. तिच्या हाकेसरशी देवी धावून आली. त्वरेने आली म्हणून ती त्वरिता, व त्याचीच पुढे तुळजा झाली, असे सांगतात. आरंभ आम्ही असा करू :

कर्दम गेले, उरली अनुभूती,
मंदाकिनीतीरी घाली आसन;
डोळे मिटूनी जपते माउली,
आईवाचून दुजे नाही शरण.

येथे साथीदाराने चार ओळींनंतर एकदाच ‘जी’ म्हणावे. संबळही धिमा असावा. पुढे मात्र :

आला दैत्य! — कोण दैत्य?
कुकुर दैत्य! — मग काय?
धरिला हात! — आई, धाव!
आली! — उदो!

येथे एकही विशेषण नाही. वेग वाढला तो ओळ आखूड झाल्याने, क्रियापद पुढे आल्याने आणि साथीदार अर्ध्या ओळीवर येऊन ठेपल्याने. ‘उदो’ कथेत प्रथमच उच्चारला गेला, तोही देवी प्रकट होण्याच्या क्षणी. जिच्या नावातच त्वरा आहे, तिची त्वरा अशी श्रोत्याच्या कानास पटते. ‘उदो’ पहिल्याच कडव्यात खर्चणाऱ्यास येथे आवाज मोठा करण्यावाचून गत्यंतर नसते.

पुढे दैत्य महिषरूप घेतो व देवी त्याचा वध करिते, तेथवर हा वेग टिकवावा. मग ओळ पुन्हा लांब करून आरतीकडे उतरावे. रचना साधली की नाही, हे पाहण्यास संबळ नको. दोघांनी ती मोठ्याने वाचावी. साथीदाराची वाक्ये गाळूनही कथा तशीच चालली, तर ते गीत देवीचे स्तोत्र असेल. गोंधळ खचित नव्हे.