‘आपण’ आणि ‘आम्ही’

बेनेडिक्ट अँडरसन यांचा ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. माझ्या हाती तो फार उशिरा आला. माझे शिक्षण मॅट्रिकचे आणि इंग्रजी शाळामास्तराचे, तेव्हा एकेक पान दोनदोनदा वाचणे भाग पडले. पण ग्रंथ वाचून झाल्यावर पहिली आठवण झाली ती माझ्या आजीची. तिला अक्षरओळख नव्हती. तिचे माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलेले. या दोन गोष्टींचा संबंध काय, हेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ग्रंथाच्या नावाविषयी. मराठीत त्याचे भाषांतर करताना ‘काल्पनिक समाज’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तिथेच घोटाळा होतो. काल्पनिक म्हणजे खोटे, नसलेले. अँडरसन यांना ते मुळीच म्हणायचे नाही. उलट राष्ट्राला खोटा बनाव समजणाऱ्या पंडितांवर त्यांचा आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे साधे आहे. राष्ट्रातला कोणताही मनुष्य आपल्या कोट्यवधी बांधवांना कधीही भेटणार नाही, त्यांची नावेही त्याला कळणार नाहीत. तरी ते आहेत आणि आपले आहेत, हे चित्र त्याच्या मनात असते. तेव्हा ‘मनी धरलेला समाज’ म्हणणे बरे.

हे चित्र मनात येते कोठून? अँडरसन म्हणतात, छापखान्यातून. नफ्यासाठी ग्रंथ छापणारा व्यापारी बोलीबोलींतून एक छापील भाषा घडवतो आणि त्या भाषेचे वाचक एकमेकांना न पाहता एकमेकांचे होतात. त्यातही वर्तमानपत्राचे माहात्म्य विशेष. सकाळी मी जो अंक उघडतो तोच त्याच वेळी हजारो अनोळखी माणसे उघडत असतात, आणि हे मला ठाऊक असते. शिवाय एकाच पानावर शेजारीशेजारी बसलेल्या बातम्यांचा परस्परांशी संबंध तरी काय असतो? वर छापलेली तारीख, एवढाच. ‘इकडे हे घडत असता तिकडे ते घडत होते’ असे लिहून आम्ही कादंबरीकार एकमेकांना न भेटणारी पात्रे एका जगात बसवतो. वर्तमानपत्र तेच करते, पण रोज.

याच ओघात ते एक उदाहरण देतात. आफ्रिकेतील माली देशातल्या दुष्काळाच्या बातम्या अमेरिकेच्या पत्रात दोन दिवस आल्या आणि पुढे कित्येक महिने त्या देशाचे नावच आले नाही, तरी माली नाहीसा झाला असे कोणाही वाचकाला वाटत नाही. कादंबरीतले पात्र दोन प्रकरणे दिसले नाही तरी ते कोठेतरी आपले जगत असेल आणि पुढे केव्हातरी येईल, असे वाचक धरून चालतो, तसेच हे. हे वाचून मी पुस्तक मिटले. कादंबरीकार म्हणून मला ते पटले, पण मुळशीकर म्हणून काही केल्या पटेना.

मुळशीचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. नीला व मुळा यांच्या संगमापाशी धरण बांधून पाणी घाटाखाली सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. त्यात पन्नासाच्या वर गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह केला आणि काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात ‘सेनापती’ झाले. ‘केसरी’चे न. चिं. केळकर त्यात होते, आणि गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून त्याविषयी लिहिले. काम पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये धरण पुरे झाले. (त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्तमानपत्राचे पानही अशाच योगायोगांचे बनलेले असते.)

आता अँडरसन यांची कसोटी इथे लावून पाहा. पुणेमुंबईचा, नागपूरचा, इंदूर-बडोद्याचा मराठी वाचक तीन वर्षे मुळशीविषयी वाचत होता. शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांचे वंशज आपल्या भूमीसाठी उभे राहिले आहेत, हे चित्र त्याला छापील मजकुरातून मिळाले, आणि त्या चित्रामुळे मुळशी न पाहिलेला मनुष्य मुळशीचा झाला. इथवर ग्रंथकाराचा सिद्धांत अक्षरशः खरा ठरतो. परंतु ज्याच्याविषयी हे छापले जात होते तो मावळा ते वाचत होता काय? १९२१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरातल्या सातांच्या आसपास माणसांनाच लिहिता-वाचता येत होते. मावळातल्या कुळांत हे प्रमाण काय असेल, ते सांगायला नको. चावडीवर कोणी मोठ्याने वाचून दाखवत असेल, नाही असे नाही. पण तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती.

म्हणजे या सोहळ्यात माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वाचणाऱ्यांचा आणि दुसरा ज्यांच्याविषयी वाचले जाते त्यांचा. अँडरसन पहिल्याविषयी फार मार्मिक लिहितात, दुसऱ्याविषयी जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. आपल्याकडच्या पार्थ चटर्जींनी त्यांच्याशी वाद घातला तो वेगळ्या मुद्द्यावर. राष्ट्राचे साचे युरोप-अमेरिकेत घडले आणि आम्ही ते नुसते उचलले, असे म्हटल्यावर आमच्या कल्पनेला उरले काय, असा त्यांचा प्रश्न. तो मोलाचा आहे. माझी अडचण त्याहून घरगुती आहे.

मराठी भाषा या अडचणीत उपयोगी पडते. इंग्रजीला ‘वुई’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला फरक पहिलीतल्या पोरालाही शिकवावा लागत नाही. राष्ट्र म्हणजे अनोळखी माणसांचा ‘आपण’. मग एखाद्या जुन्या अंकाची परीक्षा कशी करावी? ‘आपले’ कोणाला म्हटले आहे हे पाहून भागत नाही; ‘आपण’ म्हणून कोणाशी बोलले जात आहे, हे पाहावे. मावळे ‘आपले’ होते यात शंका नाही. पण माझे घोडेदेखील माझेच असते; मी त्याच्याशी सल्लामसलत करीत नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा कसून अभ्यास केला. त्यातून दिसते ते असे. जमिनींचे मालक व सावकार पुष्कळ अंशी पुण्याचे. त्यांच्या दृष्टीने अखेर प्रश्न उरला तो नुकसानभरपाईच्या दराचा. कसणाऱ्या कुळाला मात्र रक्कम नको होती, जमीन हवी होती. दोघेही ‘मुळशी’ म्हणत आणि दोघांच्या मुळशी निराळ्या होत्या. छापील ‘आपण’ने हा भेद झाकला, तो उघडा पडला तेव्हा लढा खिळखिळा झाला होता. पुढे पत्रांतून मुळशी मागे पडली. वाचकाने मनाशी काय धरले असेल? मालीचेच उदाहरण घ्या. मुळशी कोठेतरी आपली नांदत असेल! इथे मात्र पात्र रंगभूमीच्या मागे थांबलेले नव्हते. ते पाण्याखाली गेले होते. मनी धरलेला समाज नाहीशा झालेल्या गावालाही खुशाल नांदवू शकतो, ही या सिद्धांताची उणी बाजू मला फार मोठी वाटते.

मग नभोवाणीने ही उणीव भरून निघाली असेल का? तिला अक्षरओळख लागत नाही. अँडरसन यांनी हे ओळखले होते. छापील कागद जिथे पोचत नाही तिथे नभोवाणी समाजाचे चित्र कानांवाटे उभे करते आणि तिच्या या कार्याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे ते कबूल करतात. पण करतात ते एका तळटिपेत. हा अभ्यास आमच्या पुण्यातच, त्यांच्या ग्रंथाच्या पुष्कळ आधी होऊन गेला होता.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या साह्याने या केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचे श्रोतृमंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, एकाने ते लिहून पुण्याला धाडायचे आणि गावांतून आलेल्या प्रश्नांना केंद्राने नभोवाणीवरूनच उत्तरे द्यायची. पाहणी केली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी. त्यांनी तुलनेसाठी दुसरीही गावे घेतली. त्यांतल्या काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते; काहींत रेडिओही नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले. मंडळ नसलेल्या गावांत ते नाममात्र वाढले, आणि तिथे रेडिओ असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शेतीच्या ज्ञानाविषयीचा आहे, राष्ट्रभावनेविषयीचा नव्हे. तो ताणू नये हे मला समजते. तरीही, एका वेळी सर्वांनी ऐकले म्हणजे काम झाले, ही समजूत तो ढिली करतो. ऐकणे एकवेळेचे होतेच. रेडिओ तिथेही होता. जास्तीचे काय होते? पुण्याला जाणारे पोस्टाचे पत्र, आणि आपल्या गावाचा प्रश्न हवेतून परत ऐकू येण्याची शक्यता. अँडरसन यांचा वाचक एकटा, मुकाट्याने, डोक्याच्या गुहेत बसून राष्ट्राशी एकरूप होतो. आमच्या शेतकऱ्याला त्यासाठी तोंड उघडावे लागले. ‘आपण’मध्ये येण्याला नुसता कान पुरत नाही, असे मी यावरून समजतो. आणि तरी लिहून धाडणारा साक्षर मनुष्य तिथेही लागलाच, हे विसरू नये. छापखान्याचा पहारेकरी दारातून हलला, पण अंगणात उभाच होता.

माझ्या लहानपणी आमच्या घरी ट्रान्झिस्टर होता. १९८० नंतरची ही गोष्ट. आजी सकाळच्या बातम्या चुकवीत नसे. पंतप्रधान कोण, कोठे पूर आला, सारे तिला ठाऊक. ‘आपल्याकडे यंदा पीक बरं आहे’ असे ती पंजाबाविषयी म्हणे आणि पंजाब तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा ग्रंथकार चुकले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईच्या मनात देश उभा होता, तो त्या खोक्यानेच उभा केला होता.

पावसाळ्यात मात्र निराळे घडे. घाटमाथ्यावर पाऊस लागला की बातम्यांत धरणे येत. आजही येतात, वर्तमानपत्रांतही येतात. मुळशी धरणातून इतका विसर्ग, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे. मालीचे पात्र परत आले म्हणायचे, पण पाणी होऊन. ‘मुळशी धरण भरलं’ असे निवेदकाने म्हटले की घरात सगळे खूश होत, कारण धरण भरणे ही चांगली बातमी असते, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. पुढे मीही तेच शिकवले.

आजी खूश होत नसे, चिडतही नसे. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या जोत्यांचा ती विचार करीत असावी. एकदा मी तिला म्हणालो, ‘आजी, आपलं धरण भरलं!’ तिने ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक केला आणि म्हणाली, ‘भरलं व्हय? मग आमचं दार बुडालं आसंल.’